अप्पांचा फोन: आवाज येतो, पण कळत नाही

सोलापुरात नवी पेठेत माझं मोबाइल विक्री-दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आईवडिलांसाठी "साधा स्मार्टफोन दाखवा, अक्षरं मोठी पाहिजेत आणि आवाज मोठा पाहिजे" असं म्हणत येणारं गिऱ्हाईक आठवड्याला एखादं तरी असतं. बहुतेक वेळा त्यांना मोठ्या पडद्याचा फोन दाखवला जातो, सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करून दिली जातात आणि व्यवहार संपतो. महिन्याभरात तोच फोन कपाटात जातो आणि म्हातारं माणूस परत बटणांच्या फोनवर येतं. अप्पांच्या बाबतीत तसं झालं नाही. फोन निवडण्याआधी आम्ही बरंच काही तपासलं, म्हणून ते सगळं क्रमाने लिहितोय.

अप्पा ७४ वर्षांचे. अशोक चौकाच्या बाजूला जुन्या घरात तळमजल्यावर राहतात. आयुष्यभर टॉवेलच्या कारखान्यात लूमवर काम केलं. मुलगी जुळे सोलापूरला शिक्षिका आहे, मुलगा पुण्यात. मुलीला, म्हणजे ताईंना, अप्पांना स्मार्टफोन द्यायचा होता, कारण पुण्याच्या नातवाला व्हिडिओवर बघायची त्यांची फार इच्छा होती. खर्चाची तयारी १४ हजारांपर्यंत. अप्पांची तक्रार मात्र वेगळीच होती. त्यांनी माझ्या काउंटरवर आपला बटणांचा फोन ठेवला आणि म्हणाले, "आवाज येतंय की ओ. पण काय बोलतंय ते कळत नाही."

ताई म्हणाल्या, "त्यांना मोठ्या आवाजाचा फोन द्या." मी म्हटलं, आवाज येतोय असं अप्पा स्वतःच सांगतायत, तर आवाज वाढवून काय होणार?

लूमच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा कान सगळीकडे सारखा मंदावत नाही. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, साधारण ३००० ते ६००० हर्ट्झच्या आसपासचे. वयामुळे होणारी घटही उंच पट्टीपासूनच सुरू होते. आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि जोरदार असतात. स, श, च, ठ यांच्या उच्चारातला जो भाग त्यांना ओळखू देतो तो वरच्या पट्टीत असतो आणि मुळातच नाजूक असतो. त्यामुळे अप्पांना कोणी बोलतंय हे ऐकू येतं, माणूस कोण तेही कळतं, पण शब्दाचे कडे-कोपरे गळून पडलेले असतात. अशा कानाला नुसता आवाज वाढवला तर स्वर कर्कश होतात आणि व्यंजनं तिथल्या तिथेच राहतात.

हे ताईंना पटवायला मी आकड्यांची एक साधी चाचणी घेतली. मराठी आकडे यासाठी फार उपयोगी, कारण त्यात फसवणाऱ्या जोड्या भरपूर आहेत. सात आणि साठ, साठ आणि आठ, सहा आणि दहा. एका कागदावर असे २० आकडे उलटसुलट क्रमाने लिहिले. ताई दुकानाबाहेर लांब जाऊन स्वतःच्या फोनवरून नेहमीच्या आवाजात, प्रत्येक आकड्यानंतर थांबत वाचणार आणि अप्पा ऐकलेला आकडा मला सांगणार. ओरडायचं नाही, दोनदा म्हणायचं नाही. अप्पांच्या जुन्या फोनवर, आवाज पूर्ण चढवून, २० पैकी ११ बरोबर आले. साठला आठ, सहाला दहा, सातला साठ. चुका झाल्या त्या नेमक्या याच जोड्यांत, आणि "चाळीस", "पन्नास" असे लांब आकडे सगळे बरोबर.

गोळ्यांच्या वेळा आणि रिक्षावाल्याने सांगितलेले पैसे फोनवर नेहमी का चुकायचे, त्याचा उलगडा ताईंना तिथेच झाला.

मी दोघांना फोन न विकता परत पाठवलं आणि कानाच्या डॉक्टरांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे कोणत्या पट्टीचं किती ऐकू येतं याची तपासणी, करून घ्या म्हटलं. धंद्याच्या दृष्टीने हे वेडेपणाचं वाटेल, पण कानात नुसता मळ असेल तर १४ हजार वाया जातात. मळ नव्हता. दोन्ही कानांचा आलेख उंच पट्टीकडे खाली घसरत गेलेला होता आणि डावा कान उजव्यापेक्षा थोडा जास्त गेलेला. डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवलं. अप्पा म्हणाले, आत्ता नको. आलेखातून आमच्या कामाची गोष्ट एवढीच होती की अप्पा सवयीने फोन डाव्या कानाला लावतात, म्हणजे दोनपैकी जास्त खराब कानाला.

त्यानंतरचा प्रश्न फोनपर्यंत आवाज कसा पोचतो याचा. याकडे घरचे लोक बघतच नाहीत.

जुन्या टूजी पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे पाठवला जातो. म्हणजे स आणि श ओळखू येण्यासाठी जे लागतं त्यातलं बरंचसं नेटवर्कच वाटेत कापून टाकतं. तरुण कान उरलेल्यावरून अंदाज बांधतो, अप्पांच्या कानाला ते जमत नाही. फोरजीवरून होणाऱ्या व्होल्टी कॉलमध्ये हीच मर्यादा ७००० हर्ट्झच्या आसपास जाते. अप्पांचा बटणांचा फोन टूजीचाच होता. म्हणजे आधीच अपुरं ऐकणाऱ्या माणसाला अपुरा आवाज मिळत होता. यातला कानाचा भाग माझ्या हातात नव्हता, नेटवर्कचा होता.

पण फोनवर व्होल्टी असं लिहिलं म्हणजे कॉल व्होल्टीवर होतो असं नाही. अप्पांचं सिम माझ्या फोरजी फोनमध्ये घातलं तर पडद्याच्या वरच्या कडेला 4G येईचना. सिम कार्डच जुनं, टूजीच्या काळातलं. नंबर तोच ठेवून कंपनीच्या दुकानातून नवं फोरजी सिम घ्यावं लागतं, आणि त्यात दोन खोडे असतात. एक म्हणजे जुन्या फोनमधले नंबर बऱ्याचदा सिममध्येच साठवलेले असतात, ते आधी उतरवून घ्यायचे. दुसरं असं की सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएस बंद असतात. फसवणूक टाळण्यासाठीचा तो नियम आहे. पेन्शन काढायच्या किंवा बँकेचा ओटीपी लागणार असेल त्या दिवशी सिम बदलू नये. ताईंनी शनिवारी बदललं.

नवं सिम आलं, माझ्या फोनमध्ये घातलं आणि त्यांच्या घरी जाऊन बघितलं. रस्त्यावरच्या ओट्यावर 4G आणि शेजारी व्होल्टीचं HD अशी दोन्ही चिन्हं होती. आतल्या खोलीत, जिथे अप्पांची खाट आहे, तिथे कॉल लावला की HD जायचं आणि 4G च्या जागी E दिसायचं. याचा अर्थ कॉल टूजीवर घसरला. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत सिमच्या पानावर सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. ओट्यावर ती उणे ९६ होती, खाटेपाशी उणे ११४. उण्याचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल दुबळा, आणि फोरजीसाठी उणे ११० च्या पलीकडे गेलं की भरवसा राहत नाही. जुन्या जाड भिंती, वर स्लॅब आणि खिडकी बोळाकडे, असा तो हिशेब.

वरच्या मजल्यावर अप्पांच्या पुतण्याकडे वायफाय आहे. त्यावरून वायफाय कॉलिंग करता येतं, म्हणजे टॉवरऐवजी घरातल्या इंटरनेटवरून नेहमीचाच कॉल, नेहमीच्याच नंबरवर, वेगळ्या पैशांशिवाय. फक्त फोनमध्ये ती सोय हवी, कंपनीने त्या मॉडेलला ती चालू केलेली हवी, आणि सेटिंगमध्ये ती आपण चालू करायला हवी, कारण बऱ्याच फोनमध्ये ती आपोआप चालू नसते. त्यामुळे नव्या फोनसाठी आमची पहिली अट ठरली: अप्पांच्याच कंपनीच्या सिमवर व्होल्टी आणि वायफाय कॉलिंग दोन्ही चाललं पाहिजे. मेगापिक्सेल आणि प्रोसेसर याबद्दल ताईंनी विचारलंच नाही, मीही काढलं नाही.

अक्षरांचं प्रकरण यापेक्षा सोपं होतं, पण तिथेही "मोठी" म्हणजे किती हे मोजावं लागलं. माणूस एखादं अक्षर कसंबसं वाचू शकतो आणि तेच अक्षर आरामात वाचू शकतो, यात साधारण दुपटीचं अंतर असतं. दुकानात आपण दाखवतो तेव्हा म्हातारी माणसं उत्साहाने डोळे बारीक करून वाचून दाखवतात आणि आपल्याला वाटतं जमलं. मी अप्पांना त्यांचा जवळचा चष्मा लावायला सांगितला, फोन ते सहज जिथे धरतील तिथे धरायला सांगितला आणि अक्षरं लहान लहान करत गेलो. जिथे ते अडखळले तिथे पडद्यावरच्या "क"ची उंची पट्टीने मोजली. साधारण दीड मिलिमीटर भरली. म्हणजे रोजच्या वापराला त्यांना तीन मिलिमीटर लागणार.

आता गंमत अशी की बहुतेक फोनमध्ये कारखान्यातून येतानाच्या मापाला अक्षर दीड मिलिमीटरच्या आसपासच असतं. म्हणजे अप्पांना सरळ दुप्पट हवं होतं. अँड्रॉइड १४ पासून मूळ अँड्रॉइडमध्ये अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात आणि आधीच मोठे असलेले मथळे त्या मानाने कमी वाढतात, त्यामुळे पान फाटल्यासारखं दिसत नाही. त्याआधीच्या आवृत्त्यांत ही मर्यादा बरीच कमी होती. पण प्रत्येक कंपनी अँड्रॉइडवर आपला मुलामा चढवते आणि Font size ची पट्टी कुठे थांबते ते त्या मुलाम्यावर ठरतं. खोक्यावर हे कुठेच लिहिलेलं नसतं. दुकानात पट्टी शेवटपर्यंत ओढून बघणं हाच उपाय.

Font size च्या शेजारीच Display size नावाची दुसरी पट्टी असते. पहिलीने फक्त मजकूर वाढतो, दुसरीने चित्रं, बटणं, सगळंच. दोन्ही एकदम टोकाला नेल्या की भानगड होते. काही ॲपमधलं खालचं बटण कीबोर्डच्या मागे जातं किंवा पडद्याबाहेर पडतं आणि माणूस अडकून बसतो. मी नेहमी Font size आधी पुरेसा वाढवतो आणि Display size एकच घर पुढे सरकवतो. व्हॉट्सॲपच्या चॅटच्या सेटिंगमध्ये अक्षरांचं आणखी एक स्वतंत्र माप आहे, ते लोक विसरतात.

पडद्याच्या इंचांबद्दल एक सांगतो, कारण तिथे गिऱ्हाईक हमखास फसतं. हल्लीचे पडदे उभट असतात. ६.१ इंचांचा आणि ६.७ इंचांचा फोन यांच्या रुंदीत फरक जेमतेम ६ मिलिमीटरचा असतो, बाकीची वाढ उंचीला जाते. तीन मिलिमीटरच्या अक्षरांत मराठीचे चार-पाच शब्द एका ओळीत मावतात, मग फोन कोणताही घ्या. म्हणून मी मोठ्या पडद्यासाठी दोन हजार जास्त द्यायला सांगत नाही. वजन मात्र हातात घेऊन बघायला सांगतो. अप्पांना २०० ग्रॅमच्या आतला हवा होता, दुसरा हात काठीला लागतो म्हणून.

यानंतर खरी निवड. तीन फोन काढले, तिन्ही ११ ते १४ हजारांतले, तिन्ही व्होल्टी आणि वायफाय कॉलिंगवाले. मॉडेलची नावं लिहीत नाही. या किमतीतले फोन वर्षभरात दुकानातून नाहीसे होतात आणि नाव वाचून कोणाचं भलं होणार नाही. तिन्हींत अप्पांचं स्वतःचं सिम घातलं आणि ताईंना पुन्हा कागद घेऊन लांब पाठवलं. आकडे तेच, क्रम दर वेळी बदललेला.

पहिल्यावर १५ बरोबर आले. नुसतं टूजीवरून व्होल्टीवर आल्याने चारांची भर. दुसऱ्यावर १२, आणि अप्पा म्हणाले, आवाज भांड्यातून आल्यासारखा येतो. पूर्ण आवाजाला त्याचा कानाकडचा स्पीकर फाटत होता. खालचा लाउडस्पीकर मोठा होता म्हणून जाहिरातीत तो फोन मोठ्या आवाजाचा म्हणून गाजतो, पण कानाला लावायचा स्पीकर वेगळा असतो आणि त्याबद्दल जाहिरात चूप असते. तिसऱ्यावर १५ आले, मग अप्पांना उजव्या कानाला धरायला सांगितलं, तर १७.

पहिला आणि तिसरा सारखेच वाटत होते. फरक निघाला तो गालामुळे. फोन कानाला लावला की पडदा काळा व्हायला हवा, नाहीतर गालाने बटणं दाबली जातात, कॉल होल्डवर जातो, आवाज बंद होतो. हे काम करणारा सेन्सर पडद्याच्या वरच्या कडेला असतो. स्वस्त फोनपैकी काहींत तो सेन्सरच नसतो, त्याऐवजी सॉफ्टवेअरने अंदाज बांधला जातो. पहिल्या फोनवर अप्पांनी कॉलमध्येच कान बदलला की पडदा काळा व्हायला उशीर लागायचा, आणि एकदा गालाने आवाज बंद झालाच. अप्पांना वाटलं ताई बोलायच्या थांबल्या. असा फोन घरी गेला असता तर "ह्याच्यात मधेच आवाज जातो" अशी तक्रार आली असती आणि दोष नेटवर्कला मिळाला असता. दुकानात हे तपासायला मिनिट पुरतं. कॉल लावा, फोन कानाजवळ न्या, बाजूला करा, परत न्या, थोडा तिरका धरा. दर वेळी पडदा लगेच विझला-पेटला पाहिजे.

तिसरा घेतला. त्याला हेडफोनचं गोल छिद्र होतं, हा त्याचा आणखी एक गुण. माइक असलेला साधा वायरचा हेडफोन लावून, दोन्ही कानांनी ऐकून अप्पांचे १८ आले. लांबलचक बोलायचं असेल तर बसून हेडफोन लावायचा, असं ठरलं. ब्लूटूथचे इअरबड मी अशा माणसांना सुचवत नाही. चार्ज करायची आणखी एक वस्तू, आणि हरवायचीही.

फोन लावून देताना बहुतेक वेळ गेला तो कॉल उचलण्यावर. कॉल आला की पडद्यावर बोट सरकवावं लागतं आणि अप्पांच्या बोटांना लूमवरचे जुने घट्टे आहेत. कोरडी, जाड कातडी पडद्याला नीट कळत नाही. या फोनमध्ये आवाज वाढवायच्या वरच्या बटणाने कॉल उचलता येतो आणि बाजूच्या पॉवरच्या बटणाने कापता येतो, ही सोय ॲक्सेसिबिलिटीत होती, ती चालू केली. कॉल उचलल्यावर तेच वरचं बटण पुन्हा दाबलं की आवाज वाढतो, त्यामुळे त्यांच्या लक्षात राहायला सोपं. अडचण एकच आली. खालचं, आवाज कमी करायचं बटण दाबलं की रिंग गप्प होते. पहिल्या दोन दिवसांत अप्पांनी तेच दाबलं आणि कॉल "आपोआप बंद होतो" म्हणाले. वरच्या बटणावर ताईंनी नेलपॉलिशचा जाडसर थेंब लावला, बोटाला लागतो.

रिंगटोनचंही सांगायला हवं. फोनसोबत येणारे बहुतेक सूर उंच, किणकिणणारे असतात, नेमके अप्पांच्या कानातून गेलेल्या पट्टीतले. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला तर त्यांना ऐकूच येईना. सनई-बासरीचे सूर बाजूला ठेवून आम्ही ढोलासारखा ठोक्याचा, खालच्या पट्टीचा सूर लावला आणि सोबत कंपन चालू केलं. तोच आवाज, तोच फोन, पण आता शेजारच्या खोलीतूनही कळतं.

पहिल्या पानावर चारच गोष्टी ठेवल्या: ताई, पुण्याचा मुलगा, पुतण्या यांचे फोटो, जे दाबले की थेट कॉल लागतो, आणि व्हॉट्सॲप. नावं मराठीत आणि आखूड. तीन मिलिमीटरच्या अक्षरांत लांब नाव अर्ध्यावर तुटतं. सॅमसंगमध्ये "इझी मोड" आहे, शाओमीत "लाइट मोड", इतर कंपन्यांतही तसलंच काही असतं, एका फटक्यात चित्रं मोठी होतात. मी ते वापरून बघतो, पण त्यावर अवलंबून राहत नाही, कारण बऱ्याचदा त्यात पहिलं पान मोठं होतं आणि आत गेलं की सगळं पुन्हा होतं तसं. लॉक स्क्रीनवर बातम्या आणि जाहिराती दाखवणारी सोय बंद केली. सहज बोट लागून कुठेतरी भलतीकडे जाण्याचा तो मोठा रस्ता असतो. व्हॉट्सॲपवरचे फोटो आपोआप उतरणंही बंद केलं, नाहीतर सुप्रभातच्या फुलांनी फोन भरतो. पैसे देण्याचं कोणतंही ॲप टाकायचं नाही, हा ताईंचा निर्णय. मला पटला.

अनोळखी नंबर गप्प करायची सोय मात्र मी चालू करू दिली नाही, ताईंची इच्छा असूनही. दवाखान्यातून येणारा फोन, गॅसवाल्याचा फोन, सगळे अनोळखीच असतात. त्याऐवजी अप्पांना एकच सांगितलं: ओटीपी मागणाऱ्याला ताईंचा नंबर द्यायचा आणि फोन ठेवायचा. ताईंना १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लिहून दिला.

तीन आठवड्यांनी अप्पा परत आले. आवाज पुन्हा कळेनासा झाला होता. फोन हातात घेतला आणि बघितलं तर पडद्यावर नवीन काच. कुणीतरी रस्त्यावर शंभर रुपयांत लावून दिली होती. काचेची वरची कड कानाच्या स्पीकरच्या बारीक फटीवर आली होती आणि सेन्सरवरही. काच काढली, फट मऊ ब्रशने झाडली, फटीसाठी नीट जागा सोडलेली काच बसवली. तिथेच आकड्यांची चाचणी पुन्हा घेतली. पुन्हा १७. कानाला लावायची फट अगदी वरच्या कडेला असते, हेही त्यांना तेव्हा पुन्हा दाखवलं. बटणांच्या फोनची सवय असलेली माणसं मोठा फोन खाली सरकवून धरतात, कान पडद्यावर येतो आणि स्पीकर डोक्याच्या बाजूला राहतो.

१७ म्हणजे २० नव्हेत. सात आणि साठ अजूनही चुकतात, आणि बाहेर, गाड्यांच्या आवाजात, चाचणी घेतली तर आकडा याहून खाली येईल. ते कोणत्याही फोनने सुटणारं नाही. म्हणून गोळ्यांची वेळ, डॉक्टरांची तारीख, पैसे, असं काही असलं की ताई फोनवर सांगतात आणि लगेच व्हॉट्सॲपवर आकड्यात लिहून पाठवतात. मोठी अक्षरं त्यांना खरी उपयोगी पडतात ती इथे. व्हिडिओ कॉलचंही तसंच. नातवाचे ओठ दिसतात, त्यामुळे बरंच कळतं, पण आतल्या खोलीत वायफाय कमी पडलं की चित्र थिजतं, म्हणून व्हिडिओ ओट्यावर बसून.

श्रवणयंत्राला अप्पांनी अजून हो म्हटलेलं नाही. म्हणाले तर एक गोष्ट आधी बघावी लागेल. कानामागे बसणाऱ्या यंत्राचा माइक कानाच्या वरच्या बाजूला असतो, त्यामुळे फोन कानाच्या भोकाशी न धरता थोडा वर, यंत्रापाशी धरायचा, आणि फार दाबून धरला की यंत्र शिटी मारतं. काही यंत्रं फोनचा आवाज ब्लूटूथने थेट आत घेतात, मग हा प्रश्नच राहत नाही, पण ते यंत्र आणि हा फोन एकमेकांना ओळखतात का हे यंत्र विकत घेण्याआधी, फोन सोबत नेऊन, तिथेच जोडून बघायचं. ताईंना सांगून ठेवलंय, जाताना तो आकड्यांचा कागदही न्या.